चौकशीत पुराव्याचा कायदा लागू नाही, मग काय लागू आहे? नव्या चौकशी अधिकाऱ्यासाठी

चौकशी अधिकारी म्हणून नेमणुकीचा पहिला आदेश हातात पडला की सोबत दोषारोपपत्र येते, कागदपत्रांची यादी येते, साक्षीदारांची यादी येते. आणि कार्यालयातले कुणीतरी जुने माणूस धीर देऊन जाते: "काळजी करू नका, इथे पुराव्याचा कायदा लागत नाही." हे म्हणणे खरे आहे. पण तेवढ्याच भरवशावर केलेल्या चौकशा पुढे न्यायालयात टिकत नाहीत, हेही तितकेच खरे. माझी स्वतःची एक टिकली नाही, तिच्याबद्दल पुढे सांगतो.

हा लेख नोकरीतल्या शिस्तभंगाच्या चौकशीपुरता आहे, म्हणजे विभागीय चौकशी किंवा कारखान्यातली अंतर्गत चौकशी. तुमच्या आस्थापनेचे शिस्त व अपील नियम किंवा स्थायी आदेश आधी वाचा. त्यांत प्रक्रिया दिलेली असेल तर ती पाळावीच लागते.

आधी सूट कशातून आहे ते पाहू

सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये, भारत सरकार विरुद्ध टी. आर. वर्मा या निकालात, अशा चौकशांना पुराव्याचा कायदा लागू होत नाही असे स्पष्ट सांगितले. मात्र त्याच निकालात, नैसर्गिक न्यायासाठी काय काय झाले पाहिजे तेही सांगितले. कर्मचाऱ्याला आपला सगळा संबंधित पुरावा देता आला पाहिजे. विरुद्ध बाजूचा पुरावा त्याच्या समक्ष घेतला गेला पाहिजे. त्या साक्षीदारांची उलटतपासणी करता आली पाहिजे. आणि जी सामग्री त्याच्याविरुद्ध वापरायची, तिचा खुलासा करण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे.

जुना १८७२ चा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी या स्थितीत फरक पडलेला नाही.

मी नव्या लोकांना हे असे समजावतो. न्यायालयाच्या दारावर पहारेकरी असतो. हा ऐकीव पुरावा, बाहेर ठेवा. ही झेरॉक्स, मूळ कागद कुठे आहे? तुमच्या चौकशीच्या दारावर तो पहारेकरी नाही. पण आत आलेली प्रत्येक गोष्ट कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत आली पाहिजे आणि त्याला तिला प्रश्न विचारता आला पाहिजे. सूट आहे ती आत काय येते याबाबत. ते कसे येते आणि त्याला किती वजन द्यायचे, यात सूट नाही.

आता एक प्रकरण घेऊन पायरी पायरीने जाऊ. प्रकरण मी रचलेले आहे, पण परिवहन सेवेत काम केलेल्या कुणालाही ते ओळखीचे वाटेल.

एक बस, सात प्रवासी

मार्ग तपासणी पथक एक बस थांबवते. ७ प्रवाशांकडे तिकीट नाही. ते तोंडी सांगतात की आम्ही वाहकाला प्रत्येकी १५ रुपये दिले. तपासणीस त्यांचे जबाब लिहून घेऊ लागतो, तेव्हा दोघे सही करतात आणि पाच जण उशीर होतोय म्हणून नकार देतात. वाहकाच्या बॅगेतली रोकड मोजली जाते. तिकीट मशीनप्रमाणे जमा व्हायला हवी त्यापेक्षा ती १०५ रुपयांनी जास्त भरते. आरोप: भाडे घेऊन तिकीट दिले नाही, अपहाराचा हेतू होता. वाहक म्हणतो, मागच्या थांब्यावर एकदम गर्दी चढली, मी तिकिटे फाडतच होतो, या सात जणांपर्यंत पोचलोच नव्हतो. जास्तीची रक्कम माझ्या खिशातली, सुट्ट्यासाठी बॅगेत ठेवलेली.

पहिली पायरी: आरोपाचे तुकडे करा

सुनावणीची तारीख लावण्याआधी एक कोरा कागद घ्या. आरोप खरा ठरायचा तर कोणकोणत्या गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतील ते एकाखाली एक लिहा, आणि प्रत्येकीसमोर एकच प्रश्न लिहा: हे स्वतः कोणी पाहिले?

इथे तीन तुकडे पडतात. सात जणांकडे तिकीट नव्हते, हे तपासणीसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. त्यांनी भाडे दिले होते, हे तपासणीसाने पाहिलेले नाही, फक्त ऐकले. वाहकाचा हेतू तर कुणीच पाहू शकत नाही, तो परिस्थितीवरून ताडावा लागतो. म्हणजे पहिला तुकडा भक्कम, दुसरा ऐकीव आणि तिसरा दुसऱ्यावर उभा. या कागदाने पुढच्या सगळ्या सुनावण्यांत तुमचे लक्ष नेमक्या जागी राहते. बहुतेक कच्च्या अहवालांत पहिला तुकडा दहा ओळींत सिद्ध केलेला असतो आणि दुसरा गृहीत धरलेला असतो.

दुसरी पायरी: कागद आधी द्या

ज्या कागदांवर आरोप उभा आहे त्यांच्या प्रती कर्मचाऱ्याला सुनावणीच्या पुरेशा आधी मिळाल्या पाहिजेत. आपल्या प्रकरणात तपासणीसाचा अहवाल, दोन प्रवाशांचे जबाब, रोकड मोजल्याचा पंचनामा आणि तिकीट मशीनचा पूर्ण तपशील. यादीत नसलेला कागद कर्मचाऱ्याने मागितला तर त्याचा बचावाशी काय संबंध आहे हे विचारा, ते लिहून घ्या आणि नाकारायचा असेल तर कारण लिहून नाकारा. वाहकाने त्या दिवशीचे वे-बिल, म्हणजे फेरीतल्या तिकिटांचा आणि रोकडीचा नोंदतक्ता, मागितले तर ते द्यायलाच हवे, कारण निघताना जवळची खासगी रक्कम नोंदवली होती की नाही हे तिथेच कळणार.

इथे एक मर्यादा सांगायला हवी. प्रत देण्यात झालेल्या प्रत्येक चुकीने चौकशी रद्द होत नाही. स्टेट बँक ऑफ पतियाळा विरुद्ध एस. के. शर्मा या १९९६ च्या निकालात दोन साक्षीदारांच्या जबाबांच्या प्रती कर्मचाऱ्याला दिलेल्या नव्हत्या, पण ते जबाब वाचून टिपणे काढण्याची मुभा त्याला वेळेत मिळाली होती. बचावाला खरेच बाधा आली का, असे न्यायालयाने पाहिले आणि चौकशी कायम ठेवली. हा निकाल आळसाला निमित्त म्हणून वापरू नये. प्रत देणे हा कर्मचाऱ्यावर उपकार नाही, शिवाय पाच मिनिटांचे काम आहे.

तिसरी पायरी: जबाब टेबलावर कसा आणायचा

बहुतेक चौकशा इथेच बिघडतात, म्हणून इथे जरा थांबू.

प्राथमिक चौकशीत घेतलेले जबाब वापरता येतात का? येतात. म्हैसूर राज्य विरुद्ध शिवबसप्पा मकापूर या १९६३ च्या निकालाप्रमाणे साक्षीदाराने सगळे पुन्हा शब्दशः सांगण्याची गरज नाही. त्याला बोलवा, त्याचा आधीचा जबाब कर्मचाऱ्यासमोर वाचून दाखवा, तो कबूल आहे का विचारा, जबाबाची प्रत कर्मचाऱ्याला दिलेली असू द्या आणि मग उलटतपासणी होऊ द्या. न्यायालयातल्यासारखी प्रश्नोत्तरांची पूर्ण सरतपासणी नाही झाली तरी चालते. पण माणूस समोर हवा.

आणि माणूस आलाच नाही तर? आपल्या प्रकरणातले ते दोन प्रवासी. बाहेरच्या साक्षीदाराला हजर राहायला भाग पाडण्याचा अधिकार तुमच्याकडे बहुधा नसेल. तरी जबाबावर लिहिलेल्या पत्त्यांवर बोलावणे पाठवा आणि पोचपावती किंवा परत आलेले पाकीट नस्तीत लावा. ते आले नाहीत, तर त्यांचे म्हणणे तपासणीसाच्या तोंडून ऐकीव म्हणून येईल.

अशाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हरियाणा राज्य विरुद्ध रतन सिंग हा निकाल दिला. तिथे भरारी पथकाला तिकीट नसलेले अकरा प्रवासी सापडले होते, त्यांनी लेखी जबाब द्यायला नकार दिला होता आणि चौकशीत एकही प्रवासी तपासला गेला नव्हता. खालच्या न्यायालयांनी या कारणाने वाहकाची सेवासमाप्ती रद्द केली होती. न्या. कृष्ण अय्यर यांनी ती कायम केली. विवेकी माणसाच्या मनाला पटेल असा, मुद्द्याशी संबंध असलेला आणि विश्वासार्ह पुरावा ऐकीव असला तरी चालतो, असे त्यांनी म्हटले. त्याच परिच्छेदात त्यांनी बजावले की पुराव्याच्या कायद्याने जे ग्राह्य नाही ते चौकशी अधिकाऱ्याने डोळे झाकून गिळू नये. नवे लोक पहिला अर्धा भाग पाठ करतात. दुसऱ्या अर्ध्या भागाकडे लक्ष द्या, कारण तुमचे खरे काम तिथे आहे.

नुसता कागद पुढे केला की काम झाले, असे मानणाऱ्यांसाठी दुसरा निकाल आहे. रूप सिंग नेगी विरुद्ध पंजाब नॅशनल बँक, डिसेंबर २००८. बँकेतल्या शिपायावर ड्राफ्टबुकाच्या चोरीत सामील असल्याचा आरोप होता आणि आधार होता पोलिसांसमोरच्या कबुलीजबाबाचा. चौकशीत साक्षीदारांनी पोलिसांचे कागद फक्त सादर केले. त्यांतला मजकूर खरा आहे हे सांगायला कुणी आले नाही. न्यायालयाने म्हटले की प्रथम खबर आणि पोलिस तपासातली सामग्री हा आपोआप पुरावा होत नाही. कारवाई टिकली नाही.

हे दोन निकाल एकमेकांविरुद्ध वाटतात, पण तसे नाहीत. बसच्या प्रकरणात तपासणीस स्वतः समोर होता. विनातिकीट प्रवासी त्याने पाहिले होते, प्रवाशांचे बोल त्याच जागी त्याच्या कानांवर पडले होते आणि त्याला उलट प्रश्न विचारता येत होते. बँकेच्या प्रकरणात कागदामागे उभा राहणारा कुणीच नव्हता. कागदाला प्रश्न विचारता येत नाही.

चौथी पायरी: सुनावणीत तुम्ही कुठे बसता

आधी व्यवस्थापनाचा पुरावा, मग कर्मचाऱ्याचा. हा क्रम उलटू नका. "तुझे काय म्हणणे आहे ते आधी सांग" म्हणून कर्मचाऱ्याची तपासणी सुरुवातीलाच करणे म्हणजे निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकणे.

व्यवस्थापनाची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी प्रश्न विसरला तर तो तुम्ही विचारू नका. उत्तर समजले नाही म्हणून खुलाशाचा प्रश्न विचारता येतो. बाजू भक्कम करायला विचारलेला प्रश्न वेगळा असतो, आणि तो रोजनाम्यात वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतो. माझी एक साधी सवय आहे: प्रश्न मी विचारला असेल तर "चौकशी अधिकाऱ्यांचा प्रश्न" असे लिहून घेतो. एका साक्षीदाराला असे तीनपेक्षा जास्त प्रश्न झाले की मी स्वतःला आवरतो.

कर्मचारी आलाच नाही तर नोटीस पोचल्याचा पुरावा लावून एकतर्फी चौकशी चालवता येते. पण साक्षीदार तरीही तपासावे लागतात. उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध सरोजकुमार सिन्हा या २०१० च्या निकालात हे ठळकपणे आले आहे: चौकशी अधिकारी विभागाचा प्रतिनिधी नसतो, आणि समोर कुणी नसले तरी आहे तो पुरावा आरोप सिद्ध करायला पुरेसा आहे का हे त्याने पाहायचे असते.

पाचवी पायरी: वजन करा

इथे फौजदारी खटल्याइतकी खात्री लागत नाही. कोणती बाजू खरी असण्याची शक्यता जास्त, एवढेच पाहायचे. पण संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. भारत सरकार विरुद्ध एच. सी. गोयल, १९६४.

आता पहिल्या पायरीतला कागद काढा. दुसरा तुकडा, भाडे घेतले होते का, ऐकीववर उभा आहे. ऐकीव गोष्टीला आधार देणारे स्वतंत्र काही आहे का ते शोधा.

समजा उलटतपासणीतून आणि कागदांतून हे पुढे आले. मशीनच्या तपशिलाप्रमाणे शेवटचे तिकीट १०.४२ ला निघाले, बस थांबवली १०.५८ ला. मधली १६ मिनिटे मशीन चालू होते, पण एकही तिकीट निघालेले नाही. तिकिटे फाडतच होतो हे म्हणणे याच्याशी जुळत नाही. जास्तीची रोकड १०५ रुपये, सात जणांचे भाडेही सात गुणिले पंधरा, म्हणजे नेमके १०५. आणि वे-बिलावर खासगी रकमेचा रकाना कोरा. ही तिन्ही टोके प्रवाशांच्या बोलण्यापासून स्वतंत्र आहेत आणि तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. इथे प्रवासी न येताही आरोप सिद्ध मानता येईल आणि तो निष्कर्ष टिकेल.

आता तेच प्रकरण थोडे बदला. दोन्ही जबाब शब्दन् शब्द सारखे, दोन्ही तपासणीसाच्या हस्ताक्षरात, प्रवाशांची फक्त सही. जबाबात "२० रुपये दिले" असे, तर त्या टप्प्याचे भाडे १५. मशीन १०.४५ ला बंद पडून १०.५५ ला पुन्हा सुरू झाल्याची नोंद. रोकड मोजलीच नाही. तपासणीस उलटतपासणीत म्हणतो, "पैसे देताना मी पाहिले नाही, पण असे लोक करतातच." आता ऐकीव एकटे उरते, आणि तेही डागाळलेले. तिकीट दिले नाही एवढे सिद्ध होते, भाडे घेतल्याचे होत नाही. अहवालात हे असेच लिहायचे: आरोपाचा पहिला भाग सिद्ध, दुसरा व तिसरा सिद्ध नाही. अंशतः सिद्ध लिहिताना हात आखडू नका. वरिष्ठांना काय हवे आहे याचा दबाव मी जाणतो, पण त्यांनी तुम्हाला नेमले आहे ते काय घडले हे शोधायला.

सहावी पायरी: शेवटच्या सुनावणीनंतर दार बंद

माझी ती चौकशी. भांडारातल्या तुटीचे प्रकरण होते. सगळी साक्ष संपली, अहवाल लिहायला बसलो आणि एका ट्रकच्या वजनपावतीबद्दल शंका आली. मी वजनकाट्यावरच्या माणसाला फोन केला. पावती बरोबर आहे, असे त्याने सांगितले. मी अहवालात एक ओळ लिहिली: "वजनकाट्यावर खातरजमा केली असता पावती बरोबर आढळली." कामगार न्यायालयात वकिलांनी नेमकी ती ओळ दाखवली. खातरजमा कधी केली, कुणाशी बोललात, कर्मचाऱ्याला त्याला प्रश्न विचारता आले का? एकाही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. चौकशी न्याय्य नाही ठरली आणि व्यवस्थापनाला न्यायालयापुढे पुरावा नव्याने द्यावा लागला. तोपर्यंत वजनकाट्यावरचा तो माणूस नोकरी सोडून गेला होता. पावती बरोबर होती असे मला आजही वाटते. पण त्या कर्मचाऱ्याला त्याच्या पाठीमागे झालेल्या संभाषणावरून दोषी धरले होते, आणि ते मी केले होते.

शंका आली तर फोन उचलायचा नाही. दोन्ही बाजूंना लेखी कळवायचे, चौकशी पुन्हा उघडायची, तारीख द्यायची, त्या माणसाला समोर बोलवायचे. आठ-पंधरा दिवस जातील.

हाच नियम मागच्या शिक्षांना. वाहकाला आधी तीनदा ताकीद मिळाली आहे, हे आगारातून कळले तरी या दिवशी त्याने भाडे घेतले की नाही याचा तो पुरावा नव्हे. शिक्षा ठरवताना शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याला मागचा अभिलेख विचारात घ्यायचा असेल, तर तो कर्मचाऱ्याला आधी कळवावा लागतो. म्हैसूर राज्य विरुद्ध मंचे गौडा या निकालाने १९६४ मध्येच ते सांगितले आहे. तुमच्या अहवालात त्याला जागा नाही.

सातवी पायरी: अहवाल

प्रत्येक तुकड्यासाठी चार गोष्टी लिहा: व्यवस्थापनाचा पुरावा, बचावाचे म्हणणे, दोन्हींपैकी कशावर विश्वास ठेवला आणि का. या "का"शिवाय बाकीचे निरुपयोगी आहे. "साक्षीपुराव्यावरून आरोप सिद्ध होतो" एवढेच लिहिलेला अहवाल म्हणजे निष्कर्ष आहे, विचार नाही. वाहकाचे सुट्ट्या पैशांचे म्हणणे तुम्ही नाकारत असाल तर वे-बिलातला कोरा रकाना तिथे नाव घेऊन आला पाहिजे. ऐकीव पुरावा वापरला असेल तर तो ऐकीव आहे हे लपवू नका. प्रवाशांना बोलावणे कधी पाठवले, ते का आले नाहीत आणि त्यांच्या म्हणण्याला कशाचा आधार मिळाला, हे सरळ लिहा. लिहून झाल्यावर अहवालातल्या प्रत्येक विधानासमोर समासात साक्षीचे पान किंवा कागदाचा क्रमांक टाका. ज्या विधानासमोर क्रमांक टाकता येत नाही ते बाहेरून आलेले असते. ते काढा.

शिक्षा सुचवू नका. तो तुमचा प्रांत नाही, नियमांत तसे सांगितले असेल तर गोष्ट वेगळी.

अहवाल शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याकडे गेला की त्याची प्रत कर्मचाऱ्याला मिळून त्याचे म्हणणे ऐकल्यावरच निर्णय व्हावा, हे १९९३ च्या ईसीआयएल विरुद्ध बी. करुणाकर या घटनापीठाच्या निकालाने पक्के केले आहे. म्हणून अहवाल लिहिताना तो आधी वाहक वाचणार आहे असे धरून लिहा. बसमध्ये काय घडले हे त्याला ठाऊक आहे. तुमच्या निष्कर्षाशी तो सहमत होणार नाही, पण आपला कोणता मुद्दा तुम्ही कुठे तपासला आणि का नाकारला, हे त्याला त्या पानांत सापडले पाहिजे.